पुढचं दिसत नसताना आराखडा कसा करायचा: एका पतसंस्थेच्या उदाहरणातून रोलिंग वेव्ह प्लॅनिंग

जुलैचा पहिला आठवडा. पतसंस्थेच्या संचालक मंडळाची बैठक. अठरा वर्षं वापरलेलं फॉक्सप्रोमधलं सॉफ्टवेअर काढून नवीन ऑनलाइन सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलंय. १ एप्रिलला ते सुरू व्हायला हवं, कारण ३१ मार्चच्या अखेरच्या शिलका घेऊन नवीन वर्ष उघडणं हिशेबाच्या दृष्टीने सगळ्यांत सोपं. अध्यक्ष विचारतात, "मग मार्चपर्यंत कुठल्या तारखेला काय होणार, तेवढं लिहून द्या."

नवीन प्रोजेक्ट मॅनेजर इथे दोनपैकी एक चूक करतो. एक तर रात्रभर बसून दोन-अडीचशे ओळींचा तक्ता करतो, त्यात "१४ जानेवारी: तिसऱ्या शाखेतील खाती दुरुस्त" अशी ओळ असते. तिसऱ्या शाखेत किती खाती बिघडलेली आहेत हे त्याने अजून पाहिलेलंही नसतं. नाहीतर तो म्हणतो, "साहेब, आत्ता काहीच सांगता येत नाही, जसजसं कळेल तसं सांगू." पहिल्या तक्त्याचं खोटेपण ऑगस्टमध्ये उघडं पडतं आणि दुसऱ्या उत्तरावर पैसे मंजूर होत नाहीत.

या दोघांच्या मधली वाट म्हणजे रोलिंग वेव्ह प्लॅनिंग. जवळचं काम बारकाईने मांडायचं, लांबचं ढोबळ ठेवायचं आणि ठरलेल्या टप्प्यांवर ढोबळातला पुढचा तुकडा बारीक करायचा. याच्याच जोडीने प्रोग्रेसिव्ह एलॅबोरेशन हा शब्द येतो. त्याचा आवाका मोठा आहे. माहिती वाढेल तशी प्रोजेक्टची व्याप्ती, अंदाज, धोके, चाचणीचे निकष यांतलं सगळंच अधिक नेमकं करत जाणं म्हणजे प्रोग्रेसिव्ह एलॅबोरेशन. तेच तत्त्व वेळापत्रकाला आणि कामांच्या यादीला लावलं की रोलिंग वेव्ह. मुलाखतीत फरक विचारला तर एवढं पुरतं. कामावर मात्र हे दोन्ही एकाच बैठकीत, एकाच कागदावर घडतात.

आपल्या घरांतली लग्नं अशीच ठरतात. कार्यालय सहा-आठ महिने आधी ठरवतो, कारण ते नंतर मिळत नाही. आचाऱ्याला "चारशे ते सहाशे पानं" एवढंच सांगतो आणि पक्का आकडा शेवटच्या आठवड्यात देतो. त्या आठवड्याची तारीख मात्र आचारी आधीच सांगून ठेवतो, आणि सगळी मेख त्या तारखेत आहे. लांबचं काम ढोबळ असल्यामुळे रोलिंग वेव्ह फसल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. ढोबळपणा कधी आणि कुठल्या माहितीवर संपवायचा हे कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं, म्हणून ते फसतं.

आता उदाहरण घेऊ. माझ्या हातून गेलेल्या अशा काही कामांची ही गोळाबेरीज आहे आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. संस्थेच्या सहा शाखा, मिळून ३०,००० खाती. प्रत्येक शाखेच्या संगणकावर स्वतंत्र डेटा, नावं जुन्या मराठी फॉन्टांत टंकलेली आणि कुणाला काय दुरुस्त करावं लागेल याचा पत्ता नाही.

पायरी १: शेवट पक्का लिहा

टप्पे धूसर असले तरी शेवट धूसर ठेवायचा नसतो. नवखे लोक इथे गडबडतात. "व्याप्ती हळूहळू ठरवू" म्हणतात आणि मग प्रत्येक जण आपापली व्याप्ती घेऊन येतो.

आपल्या कामाचा शेवट चार वाक्यांत लिहिता येतो. सहाही शाखांतली बचत, मुदत ठेव, पिग्मी, कर्ज आणि शेअर ही खाती नवीन सॉफ्टवेअरमध्ये आली. प्रत्येक खात्याची शिलक जुन्या खात्याशी पैशापैशाने जुळते आणि शाखेची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा, जुळते. सभासदाचं नाव युनिकोड मराठीत बरोबर दिसतं आणि एका सभासदाला एकच सभासद क्रमांक आहे. मोबाइल ॲप, एसएमएस आणि क्यूआर कोड या कामात नाहीत. ते शेवटचं वाक्य न विसरता लिहा, चौथ्या महिन्यात तेच तुम्हाला वाचवतं.

पायरी २: रेघ कुठे मारायची ते ठरवा

"पुढचे तीन महिने बारीक, बाकी ढोबळ" असा नियम बऱ्याच ठिकाणी सांगतात. मला तो पटत नाही. रेघ कॅलेंडर बघून मारण्यापेक्षा माहिती बघून मारावी. प्रत्येक कामापुढे स्वतःला विचारा: याला किती दिवस लागतील हे मी आज काही कारण देऊन सांगू शकतो का? देता येत असेल तर ते काम रेघेच्या अलीकडे. कारण देता येत नसेल, नुसता आकडाच सुचत असेल, तर पलीकडे.

या कसोटीवर आपल्या कामात पहिली लाट सहा आठवड्यांची निघते, १ जुलै ते १४ ऑगस्ट. शाखांमधून डेटाच्या फाइली गोळा करणं, प्रत्येक शाखेत कुठला फॉन्ट वापरला ते शोधणं, तेरीज तपासणं, नमुन्याची खाती कागदपत्रांशी पडताळणं. या प्रत्येक कामाला नाव देता येतं, माणूस देता येतो आणि दिवस सांगता येतात. एकेक काम साधारण ८ ते ८० तासांत बसावं हा जुना अंगठेनियम इथे ठीक आहे.

रेघेच्या पलीकडे चार मोठी गाठोडी राहतात: एक शाखा आरपार नवीन सॉफ्टवेअरमध्ये नेऊन बघणं, सहा शाखांच्या खात्यांची दुरुस्ती, दोन्ही सॉफ्टवेअर समांतर चालवणं, आणि प्रत्यक्ष बदल. प्रोजेक्टच्या भाषेत यांना प्लॅनिंग पॅकेज म्हणतात. काम काय आहे ते माहीत आहे, त्याला पैसे आणि जबाबदार माणूस आहे, पण आतली कामं अजून सुटी केलेली नाहीत.

पायरी ३: प्रत्येक गाठोड्याला चिठ्ठी लावा

माझा सगळ्यांत जास्त आग्रह या पायरीचा. गाठोडं नुसतं "डेटा दुरुस्ती, ऑक्टोबर ते जानेवारी" असं तक्त्यात टाकून दिलं की ते तिथेच झोपून राहतं. त्याच्यावर पाच ओळींची चिठ्ठी हवी. आपल्या दुरुस्तीच्या गाठोड्याची जुलैमधली चिठ्ठी अशी होती:

- काय मिळायला हवं: सहाही शाखांतली सगळी संशयित खाती तपासून दुरुस्त, शाखाधिकाऱ्याच्या सहीसह.
- आजचा पट्टा: ३८ ते १५० कामाचे दिवस.
- पट्टा एवढा रुंद का: किती खाती बिघडलेली आहेत आणि एका खात्याला किती वेळ लागतो, दोन्ही माहीत नाही.
- कशावरून कळेल: पहिल्या लाटेतली ६०० खात्यांची नमुना तपासणी.
- कधी उलगडायचं: १७ ऑगस्टची बैठक. कुठल्याही परिस्थितीत ३० सप्टेंबरच्या पुढे नाही.

३८ ते १५० कुठून आले ते सांगतो, कारण पट्टा हासुद्धा हिशेबाने काढायचा असतो. जुलैमध्ये आमचा कयास होता की ३ ते १२ टक्के खाती हाताने तपासावी लागतील, म्हणजे ९०० ते ३,६००. एका खात्याला १५ मिनिटं धरली तर २२५ ते ९०० तास होतात. काउंटर बंद झाल्यावर दोन लिपिक रोज तीन-तीन तास देणार होते, म्हणजे दिवसाला सहा तास. भागाकार केला की ३८ ते १५० दिवस. मंडळाला हा पट्टा आवडला नाही, आवडायचं कारणही नव्हतं. पण त्यात कुठले दोन आकडे अंधारात आहेत हे सगळ्यांना दिसलं आणि मग पहिल्या लाटेत काय मोजायचं हे आपोआप ठरलं.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेच्या सहाव्या आवृत्तीत सुरुवातीच्या ढोबळ अंदाजासाठी उणे २५ ते अधिक ७५ टक्के असा पट्टा उदाहरणादाखल दिला आहे. आपला पट्टा त्याहून कितीतरी रुंद आहे. म्हणून तो दाबून ७५ टक्क्यांत बसवायचा मोह होतो. तो टाळा. जुन्या डेटाच्या कामात सुरुवातीचा पट्टा अरुंद दिसला तर मला आधी शंका येते की कुणी फाइल उघडून बघितलीच नसावी.

पायरी ४: पहिली लाट प्रश्नांची उत्तरं मिळतील अशी रचा

पहिल्या लाटेत सोपी कामं आधी उरकायची सवय असते. आपल्याला उलट हवंय. गाठोड्यांवरच्या चिठ्ठ्यांतले प्रश्न एकत्र करा आणि ज्या कामातून उत्तर मिळेल ते आधी घ्या, मग ते कितीही किचकट असो.

इथे माझी एक जुनी चूक सांगायला हवी. पूर्वीच्या एका कामात नमुन्यासाठी मी सगळ्यांत छोटी शाखा घेतली होती. पटकन झालं, दोन टक्केच चुका निघाल्या आणि आम्ही खुशीत पुढचा सगळा आराखडा त्या दोन टक्क्यांवर बांधला. ती शाखा सगळ्यांत नवीन होती, तिथली खाती पहिल्यापासून संगणकावरच उघडलेली. मुख्य शाखेत हाताने लिहिलेल्या खतावण्यांवरून कुणीतरी घाईघाईत भरलेली खाती होती आणि तिथे चुकांचं प्रमाण कितीतरी पट निघालं. तेव्हापासून नमुना प्रत्येक शाखेतून घ्यायचा आणि त्यातही जुन्या खात्यांचा वाटा असायलाच हवा, हे ठरून गेलं. या वेळी सहा शाखांतून शंभर-शंभर अशी ६०० खाती काढली.

त्यांतली ६६ बिघडलेली निघाली, म्हणजे ११ टक्के. आकडा ऐकून शाखाधिकाऱ्यांनी कपाळाला हात लावला. पण ६६ वर थांबायचं नसतं, त्यांचे प्रकार पाडायचे असतात. त्यांतल्या ४२ खात्यांत फक्त नाव बिघडलं होतं आणि ते एकाच पद्धतीने. जुन्या फॉन्टांत रफार अक्षराच्या नंतर टंकला जायचा, कारण तो अक्षराच्या डोक्यावर नंतर काढायचा. युनिकोडमध्ये 'र्' हा अक्षराच्या आधी साठवतात. नुसतं चिन्हाला चिन्ह बदललं तर 'शर्मा'चं 'शमार्' होतं. पहिल्या वेलांटीचंही तसंच, फक्त उलट्या दिशेने: जुन्या फॉन्टांत ती अक्षराच्या आधी, युनिकोडमध्ये नंतर. एकदा हा नियम प्रोग्राममध्ये घातला की ४२ काय आणि ४,२०० काय, सगळी एका रात्रीत सुधारतात. ही खाती हाताने तपासायच्या यादीतून बाहेर गेली.

राहिली २४, म्हणजे ४ टक्के. कुठे एकाच सभासदाची तीन शाखांत तीन नावं होती, एकीकडे पूर्ण, दुसरीकडे आद्याक्षरं. कुठे ठेवीची मुदत तारखेशी जुळत नव्हती. यांना माणूसच लागतो. आणि इथे दुसरी गोष्ट कळली: एका खात्याला १५ नव्हे, २५ मिनिटं लागत होती, कारण खातं उघडल्याचा मूळ अर्ज माळ्यावरच्या गठ्ठ्यांतून शोधावा लागत होता.

पायरी ५: पुढची लाट आखण्यालाच काम समजा

आखणी हे तक्त्यातलं काम असतं. त्याला तारीख, माणसं आणि दोन-तीन दिवस लागतात. तक्त्यात ते नसेल तर होत नाही, कारण लाट संपत आली की सगळे हातातलं काम पुरं करण्याच्या गडबडीत असतात. आमच्या तक्त्यात १० ते १४ ऑगस्ट "नमुन्याचे निकाल मांडणे" आणि १७ ऑगस्ट "पुढची लाट आखणे" अशा ओळी पहिल्या दिवसापासून होत्या. पहिली लाट दोन दिवस लांबली असती तरी १७ ऑगस्टची बैठक हलवायची नाही, असंही ठरलं होतं. अर्धवट माहितीवर झालेली बैठक पुढे ढकललेल्या बैठकीपेक्षा बरी, कारण निदान काय कळलं नाही हे तरी कळतं.

त्या बैठकीत दुरुस्तीचा हिशेब पुन्हा मांडला. ३०,००० च्या ४ टक्के म्हणजे १,२०० खाती. प्रत्येकी २५ मिनिटं, म्हणजे ५०० तास, दिवसाला सहा तासांनी ८३ दिवस. नमुना छोटा आहे म्हणून ४ ऐवजी ३ ते ६ टक्के असा पट्टा धरला. तो निघाला ६३ ते १२५ दिवस.

जुलैचा पट्टा ३८ ते १५० होता, आता ६३ ते १२५. पट्टा अरुंद झाला, पण खालचं टोक वर सरकलं. नवख्यांना वाटतं की माहिती वाढली की काम कमी होतं. तसं काही नाही. माहिती वाढली की टोकं जवळ येतात, ती कुठे जाऊन थांबतील ते आपल्या हातात नसतं. मंडळालाही हे जुलैमध्येच सांगून ठेवा, नाहीतर ऑगस्टमध्ये "तुम्ही तर ३८ दिवस म्हणाला होता" हे ऐकावं लागतं. लोकांना पट्ट्याचं खालचं टोक फार पक्कं लक्षात राहतं.

मग प्रश्न उरला, दिवस आहेत किती? दुरुस्ती १ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी या काळात बसवायची होती. रविवार, दिवाळी आणि इतर सुट्ट्या वजा जाता ९० च्या आसपास कामाचे दिवस. म्हणजे ८३ जेमतेम बसतात, १२५ बसत नाहीत. तिसरा लिपिक घेतला तर दिवसाला नऊ तास मिळतात आणि वरच्या टोकाचे ७५० तास ८३ दिवसांत होतात. १७ ऑगस्टला तिसऱ्या लिपिकाच्या जादा कामाचे पैसे मागितले आणि मंजूर झाले, कारण मागणीमागे मोजलेले आकडे होते. हीच मागणी डिसेंबरमध्ये, काम तुंबल्यावर केली असती तर पैसे मिळाले असते, पण दिवस मिळाले नसते.

त्याच बैठकीत दुसरी लाट बारीक झाली: सप्टेंबरअखेर एक शाखा आरपार नेणं. समांतर चालवणं आणि प्रत्यक्ष बदल ही गाठोडी तशीच राहिली, फक्त त्यांच्या चिठ्ठ्या ताज्या केल्या. दर बैठकीत सगळंच बारीक करायला जाऊ नका. मार्चमध्ये कोण कुठल्या शाखेत बसेल हे ऑगस्टमध्ये ठरवलं तर फेब्रुवारीत पुन्हा ठरवावं लागतं.

पायरी ६: उलगडा आणि बदल यांची गल्लत होऊ देऊ नका

नवीन काहीतरी निघालं की प्रश्न येतो, हे आपल्याच कामातलं बारीक झालेलं आहे की बाहेरून आलेलं नवीन काम? कसोटी पायरी १ मध्ये लिहिलेला शेवट.

पहिल्या लाटेत दोन शाखांची तेरीज जुळली नाही. एका शाखेत बचत खात्यांची बेरीज आणि जनरल लेजरची, म्हणजे मुख्य खतावणीची, शिलक यांत ४,३१२ रुपयांचा फरक होता आणि मागच्या वर्षभरात तो फरक दर महिन्याला तेवढाच राहिला होता. याचा अर्थ कधीतरी एक चुकीची नोंद पडली आणि तशीच राहिली. ती एकदा शोधायची, जमाखर्चाची नोंद करायची, संपलं. दुसऱ्या शाखेत मात्र फरक दर महिन्याला बदलत होता. तिथे चूक अजून घडत होती. हा फरक आज मिटवला तरी मार्चमध्ये तो पुन्हा उभा राहणार. (पुढे निघालं ते असं: पिग्मी एजंटांचा भरणा एका दिवशी आणि खात्यांवर चढवणं दुसऱ्या दिवशी, आणि महिनाअखेरीला अधलंमधलं लटकायचं.)

"तेरीज जुळली पाहिजे" हे शेवटाच्या यादीत होतंच. म्हणून फरक शोधण्याचं काम हा उलगडा. त्यासाठी नवीन गाठोडं केलं, चिठ्ठी लावली आणि पैसे या प्रोजेक्टच्या अनपेक्षित खर्चासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून घेतले. मंडळाची परवानगी लागली नाही, फक्त माहिती दिली.

ऑक्टोबरमध्ये एका संचालकांनी सुचवलं, "एवढं करतोच आहोत तर सभासदांना एसएमएस पण सुरू करू, त्यात काय मोठंसं." हा बदल, कारण शेवटाच्या यादीत तो नाही असं स्पष्ट लिहिलं होतं. त्यासाठी मोबाइल क्रमांक गोळा करणं आलं, म्हणजे पुन्हा हजारो खात्यांना हात लावणं आलं. तो वेगळ्या अर्जावर लिहिला, दिवस आणि खर्च काढला, मंडळाने तो एप्रिलनंतर ढकलला. रोलिंग वेव्हची बदनामी होते ती इथेच. "आपला आराखडा तर लवचीक आहे" असं म्हणत लोक नवीन कामं ढोबळ गाठोड्यात सरकवत राहतात. तपशील लवचीक असतो, गाठोड्याचं तोंड मात्र बांधलेलं असतं.

लांबचं असलं तरी आजच ठरवावं लागतं ते

प्रत्येक बैठकीच्या शेवटी ढोबळ गाठोड्यांवरून एक नजर फिरवा आणि एवढंच शोधा: यात असं काही आहे का, जे मागवल्यापासून मिळायला बरेच दिवस लागतात? आमच्याकडे अशा दोन गोष्टी निघाल्या. एका खेड्यातल्या शाखेत इंटरनेटची भरवशाची लाइन नव्हती आणि नवीन सॉफ्टवेअर लाइनशिवाय चालत नाही. दुसरी, नवीन पासबुकांची छपाई. दोन्हींची गरज थेट मार्चमध्ये, पण लाइनसाठी अर्ज ऑगस्टमध्येच केला. तेवढंच काम पुढून ओढून आणलं, बाकी गाठोडं बंद ठेवलं. ढोबळ ठेवण्याची मुभा मिळाली म्हणून लोक गाठोड्यात डोकावायचंच सोडून देतात आणि मग फेब्रुवारीत लाइनमनची वाट बघत बसतात.

करार कसा करायचा

ही पद्धत ठोक रकमेच्या कराराशी नीट जमत नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. सॉफ्टवेअर देणाऱ्याला जुलैमध्ये सगळ्या दुरुस्तीची एकच रक्कम सांगायला लावली तर तो १५० दिवस धरूनच सांगणार, किंवा ३८ धरून सांगेल आणि नंतर भांडेल. आम्ही पहिल्या लाटेचं काम ठोक रकमेत दिलं. पुढच्या कामाचे दर ठरवले, म्हणजे रूपांतरित खात्यामागे इतके आणि जागेवर येऊन काम केलं तर दिवसाला इतके. प्रत्येक लाटेची वेगळी वर्क ऑर्डर. मंडळाने एकूण खर्चाची कमाल मर्यादा एकदाच मंजूर केली, पण पैसे लाटेलाटेने सोडले. टेंडरच्या नियमांमुळे एकाच रकमेत काम द्यावं लागत असेल, तर निदान पहिली तपासणी वेगळं छोटं काम म्हणून आधी करून घ्या आणि तिच्या निकालावर मोठं टेंडर काढा.

बिघडतंय हे कशावरून ओळखायचं

पहिली खूण चिठ्ठीवरच असते. दोन बैठका झाल्या आणि एखाद्या गाठोड्याचा पट्टा जसाच्या तसा असेल, तर त्यातला प्रश्न कुणी सोडवायला घेतलेलाच नाही. पट्टा रुंद झाला तर एवढं घाबरायचं कारण नाही, काहीतरी नवीन कळलं असेल. स्थिर पट्टा जास्त वाईट. आमच्याकडे समांतर चालवण्याच्या गाठोड्याचं तसंच झालं होतं: जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर, तिन्ही वेळा "४ ते ८ आठवडे". खोदून विचारल्यावर कळलं की एकाच दिवसाचे व्यवहार दोन सॉफ्टवेअरमध्ये भरायला लिपिकाला किती वेळ लागतो, हे कुणी घड्याळ लावून पाहिलंच नव्हतं. आरपार नेलेल्या शाखेत तीन दिवस पाहिलं. रोज दीड तास जादा लागत होता. चार आठवडे सगळ्यांना झेपतील, आठ झेपणार नाहीत, हे तिथेच ठरलं.

दुसरी खूण म्हणजे लाट संपायच्या दिवशी पुढची लाट आखायला बसणं. तसं झालं की पहिला आठवडा लोक काय करायचं ते विचारत फिरतात. तिसरी खूण त्याच्या उलट: दूरच्या महिन्यांत अचानक दिवसवार तारखा दिसू लागणं. बहुतेक वेळा वरून कुणीतरी "पूर्ण प्लॅन" मागितलेला असतो आणि खालच्याने तो भरून दिलेला असतो. असा तक्ता हातात आला तर एखाद्या लांबच्या ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, हे पाच दिवस कशावरून? उत्तर "अंदाजे" असं आलं तर ती ओळ पुसून तिथे पट्टा आणि उलगडायची तारीख लिहा.

एक तारीख आणखी लागते, ती म्हणजे परत फिरायची. आमची ३१ जानेवारी होती. त्या दिवशी सहापैकी किमान पाच शाखांची दुरुस्ती शाखाधिकाऱ्याच्या सहीने पूर्ण नसेल, तर १ एप्रिल सोडायचा आणि सहामाही व्याज लावून झाल्यावर १ ऑक्टोबरला बदल करायचा, असं जुलैमध्येच मंडळाच्या ठरावात लिहून घेतलं होतं. प्रत्यक्षात ३१ जानेवारीला पाच शाखा पूर्ण होत्या आणि सहाव्या, मुख्य शाखेत १४० खाती बाकी. त्या शाखेत तीनही लिपिक बसवले, ११ फेब्रुवारीला ती संपली आणि समांतर चालवणं त्या शाखेपुरतं दोन आठवडे उशिरा सुरू झालं.